विश्लेषण : मजकुरातला शब्द खोडला की व्हिडीओ कापला जातो… पण ‘नाही’ कुठे गेले, हे कोण तपासणार?

मुलाखतीचा व्हिडीओ ॲपमध्ये टाकायचा, दोन-तीन मिनिटांत बोललेले सगळे शब्द पडद्यावर लिहून येतात. नको असलेले वाक्य निवडायचे, खोडायचे आणि तेवढा भाग व्हिडीओतूनही गायब. वृत्तपत्रांच्या डिजिटल विभागांपासून गावोगावच्या यूट्यूब वाहिन्यांपर्यंत अनेकांची कामाची पद्धत या सोयीने बदलली आहे. कात्री मात्र आता आवाजाऐवजी अक्षरांवर चालते आणि मराठीत वाक्याचा अर्थ अनेकदा शेवटच्या शब्दावर टांगलेला असतो. त्यामुळे ही पद्धत चालते कशी, ती चुकते कुठे आणि व्हिडीओ प्रसिद्ध करण्यापूर्वी नेमके काय तपासायला हवे, हे समजून घ्यायला हवे.

हे तंत्र आले कुठून?

मजकुरावरून व्हिडीओ कापण्याची कल्पना जुनीच आहे. माहितीपट करणारे लोक आधी संपूर्ण मुलाखत ऐकून कागदावर उतरवत. समासात वेळ लिहीत, नको त्या ओळींवर पेनने काट मारत आणि तो कागद संकलकाच्या हाती देत. याला ‘पेपर एडिट’ म्हणतात. संगणकावर हे करून दाखवणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध २०१२ मध्ये अमेरिकेत सादर झाला. मुलाखतीच्या मजकुरात कुठे काप घेतला तर तो डोळ्यांना खटकणार नाही, हे संगणकानेच सुचवावे, असा त्याचा विषय होता. पुढे ‘डिस्क्रिप्ट’ या ॲपने ही सोय आधी ध्वनिमुद्रणासाठी आणि नंतर व्हिडीओसाठी सर्वसामान्यांच्या हाती दिली. २०२३ मध्ये ‘ॲडोबी प्रीमियर प्रो’ आणि ‘डाविंची रिझॉल्व्ह’ या व्यावसायिक संकलनाच्या दोन मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही ती आली.

जुन्या आणि नव्या पद्धतीत एक फरक आहे आणि सगळा प्रश्न त्या फरकाचाच आहे. पेपर एडिटमध्ये कागदावरचा प्रत्येक शब्द कुणीतरी कानाने ऐकून लिहिलेला असे. काट मारणाऱ्याने मुलाखत ऐकली नसली, तरी लिहिणाऱ्याने ती नक्की ऐकलेली असे. नव्या पद्धतीत ११ मिनिटांची मुलाखत कुणीही न ऐकता एका मिनिटाची होऊ शकते. वाचायला त्याहून बराच कमी वेळ लागतो, ऐकायला अकरा मिनिटे. घाईच्या वेळी माणूस यातले काय निवडेल, हे सांगायला नको.

शब्द खोडल्यावर नेमके काय होते?

सॉफ्टवेअर आवाजाचा मजकूर तयार करते, तेव्हा प्रत्येक शब्दासोबत दोन आकडे साठवते. शब्द कधी सुरू झाला आणि कधी संपला. तुम्हाला दिसतो फक्त शब्द, आकडे मागे असतात. शब्द खोडला की सॉफ्टवेअर त्या दोन आकड्यांमधला व्हिडीओ टाइमलाइनवरून काढते आणि पुढचा भाग मागे सरकवून जोडते. मूळ फाइलला धक्का लागत नाही. ‘इथून इथपर्यंत दाखव, मग इथून पुढे दाखव’ अशी एक यादी फक्त बदलते. म्हणूनच चूक कळली, तर खोडलेले परत आणता येते. मात्र ती कळायला हवी.

आता हे आकडे किती अचूक असतात? व्हिडीओ सेकंदाला २५ चित्रचौकटींचा आहे, असे धरू. म्हणजे एक चौकट एका सेकंदाच्या २५व्या भागाइतकी, ४० मिलिसेकंदांची. घाईत उच्चारलेला ‘नाही’ जेमतेम पाच-सहा चौकटींत संपतो. बोलण्यात तो सुटा राहतही नाही. ‘सोडणार नाही’ हे ‘सोडणारनै’ असे एका दमात येते. त्यातला ‘सोडणार’ कुठे संपला आणि ‘नाही’ कुठे सुरू झाला, हे यंत्राने ठरवलेले असते आणि ते दोन-तीन चौकटी इकडेतिकडे होऊ शकते. मग पडद्यावरच्या मजकुरात ‘नाही’ शाबूत असतो, पण व्हिडीओत त्याच्या पुढचे वाक्य कापताना त्याचा निम्मा आवाज गेलेला असतो. वाचणाऱ्याला सगळे ठीक दिसते. ऐकणाऱ्याला ‘पाणी सोडणार…’ एवढेच ऐकू येते.

याच्या उलटही घडते. आवाज ओळखणारी अनेक सॉफ्टवेअर ‘अं’, ‘हां’, अडखळणे, एकच शब्द दोनदा बोलणे अशा गोष्टी गाळून मजकूर स्वच्छ करून देतात. त्या मजकुरात नसतात, व्हिडीओत मात्र असतात. ‘नाही, नाही, तसं नाही’ यातले तीनपैकी किती ‘नाही’ कागदावर उतरतील, याची खात्री देता येत नाही.

‘९५ टक्के अचूक’ म्हणजे काय?

आवाज ओळखण्याची अचूकता साधारणपणे चुकलेल्या शब्दांच्या प्रमाणात मोजली जाते. शंभर शब्दांमागे किती बदलले, किती गळाले, किती नसलेले घुसले, यांची बेरीज करायची. गणित सरळ आहे. ११ मिनिटांच्या मुलाखतीत साधारण १,४०० शब्द धरले आणि अचूकता ९५ टक्के धरली, तर ७० शब्द चुकलेले असणार. पण या मोजणीत सगळे शब्द सारख्याच किमतीचे असतात. ‘आणि’ गळाला तरी एक चूक आणि ‘नाही’ गळाला तरी एकच चूक.

मराठीपुरते आणखी काही मुद्दे आहेत. ‘ओपनएआय’ने २०२२ मध्ये खुल्या केलेल्या ‘व्हिस्पर’ या प्रणालीला मराठी येते. आयआयटी मद्रासच्या ‘एआय4भारत’ने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या प्रणालींमध्येही मराठी आहे. तरीही संकलनाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय सारखी नाही. मराठी यादीत सापडली नाही की काही जण हिंदी निवडून वेळ मारून नेतात. लिपी एकच असल्याने मजकूर बराचसा वाचता येतो, पण यंत्र मराठी शब्दाला जवळचा हिंदी शब्द शोधत राहते. असा मजकूर शोधाशोधीपुरता ठीक, कापण्यासाठी नाही.

त्यातून प्रमाण मराठी बोलणारा माणूस समोर असेलच असे नाही. कोकणातला ‘नाय’, देशावरचा ‘न्हाई’ यंत्राच्या कानाला किती ओळखीचा आहे, हे बोलणाऱ्यागणिक बदलते. मराठी अंकांचीही अडचण आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पावणेदोनशे आणि पावणेतीनशे हे पंख्याच्या आवाजात माणसालाही नीट कळत नाहीत.

यंत्र न बोललेले शब्दही लिहू शकते. अमेरिकेतील संशोधकांनी ‘व्हिस्पर’वर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी सुमारे एक टक्क्यात मूळ आवाजात मुळीच नसलेली वाक्ये किंवा वाक्यांश आढळले. बोलताना लांब थांबणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक घडत होते. तो अभ्यास इंग्रजी बोलण्याचा होता. एखादी वयस्कर आजी थांबत थांबत आठवण सांगत असेल, तर तिच्या शांततेच्या जागी कागदावर काय उमटले आहे, हे मराठीतही बघितलेच पाहिजे.

एक नमुना : कालव्याच्या पाण्याचा

हे सगळे प्रत्यक्षात कसे होते, हे पाहण्यासाठी एक कल्पित पण नेहमीचा प्रसंग घेऊ. मार्च महिना आहे. तालुक्याच्या ठिकाणी बातमीदार पाटबंधारे विभागाच्या अभियंत्यांशी मोबाइलवर ११ मिनिटे बोलतो. त्यातून एक मिनिटाचा उभा व्हिडीओ करायचा आहे. प्रश्न एकच : कालव्याच्या टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या गावांना उन्हाळी हंगामाचे दुसरे आवर्तन मिळणार का? उत्तर असे येते :

‘दुसरं आवर्तन द्यायचंच नाही, असं काही ठरलेलं नाही. पण धरणात आज जेवढा साठा आहे, त्यात पिण्याचं पाणी राखून ठेवल्याशिवाय आम्ही कालव्याला पाणी सोडणार नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की पंधरा तारखेनंतर टेलच्या गावांनाही पाणी देऊ.’

एकूण ३६ शब्द. वेळ वाचवायचा आहे. पहिल्या वाक्यातले ‘असं काही ठरलेलं नाही’ हे चार शब्द शेपटासारखे वाटतात. ते खोडले की उरते, ‘दुसरं आवर्तन द्यायचंच नाही.’ अभियंता जे नाकारत होता, तेच तो आता ठासून सांगतो आहे.

दुसऱ्या वाक्यातून ‘पिण्याचं पाणी राखून ठेवल्याशिवाय’ हे चार शब्द काढा. ‘पण धरणात आज जेवढा साठा आहे, त्यात आम्ही कालव्याला पाणी सोडणार नाही.’ अट गेली, नकार उरला. तिसऱ्यातून ‘कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की’ हे सहा शब्द काढा. ‘पंधरा तारखेनंतर टेलच्या गावांनाही पाणी देऊ.’ इथे उलटे झाले. जे समितीच्या हातात होते, ते अधिकाऱ्याचे तारखेसह दिलेले वचन झाले.

तिन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध आहेत. आवाज त्याच माणसाचा आहे, ओठांची हालचाल जुळते आहे. यात बनावट असा एकही शब्द नाही. पण तो व्हिडीओ टेलच्या गावात पोहोचतो, तेव्हा कुणी उन्हाळी पीक घ्यायचे की रान पडीक ठेवायचे, हे त्यावरून ठरवत असतो. कुणी चारा विकत घेण्याआधी जनावरे बाजारात नेण्याचा विचार करत असतो. दुसऱ्या दिवशी अभियंत्यांचा खुलासा आला, तरी तो तितक्याच फोनवर पोहोचत नाही.

आता हाच मजकूर यंत्राने चुकीचा लिहिला असता, तर? ‘टेलच्या गावांना’च्या जागी ‘तेलाच्या गावांना’ असे उमटले, तर वाचणारा हसेल आणि दुरुस्त करेल. अशी चूक निरुपद्रवी असते, कारण ती स्वतःहून हात वर करते. पण पहिल्या वाक्यात शेवटच्या ‘नाही’च्या जागी ‘आहे’ पडले, तर? ‘दुसरं आवर्तन द्यायचंच नाही, असं काही ठरलेलं आहे.’ वाक्य थोडे अडखळते, पण वाचताना खटकेलच असे नाही. ३६ पैकी एकच शब्द चुकला, म्हणजे अचूकता ९७ टक्के. मथळा मात्र उलटा. हाच मजकूर व्हिडीओखाली सबटायटल म्हणून गेला, तर आवाज बंद करून पाहणाऱ्याला तेवढेच खरे वाटणार. बसमध्ये, कार्यालयात, रात्री घरचे झोपल्यावर व्हिडीओ असेच पाहिले जातात.

मराठीत धोका वाक्याच्या शेवटी का?

इंग्रजीत नकार बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी किंवा त्याला चिकटून येतो आणि ‘कोण म्हणाले’ हेही अनेकदा वाक्याच्या सुरुवातीला येते. मराठीत आधी पूर्ण विधान होते आणि मग शेवटी त्याची दिशा ठरते. ‘धरणाला गळती लागली आहे, असं लोक म्हणतात.’ ‘पैसे घेतले, असा माझ्यावर आरोप आहे.’ ‘राजीनामा देईन, पण पक्षानं सांगितलं तर.’ शेपूट तोडले की बोलणाऱ्याने स्वतःच तसे म्हटले असे होते. मुख्य मुद्दा आधी आणि बाकी फापटपसारा नंतर असतो, असे मानून कापणाऱ्याचा हात इथे चुकतो.

सगळ्यात लबाड शब्द आहे ‘म्हणे’. ‘टँकर सुरू झाला म्हणे’ याचा अर्थ बोलणाऱ्याने टँकर पाहिलेला नाही, ऐकीव माहिती आहे. हे सगळे मराठीत दोन अक्षरांत बसते. पण ‘म्हणजे’ हा आपल्या बोलण्यातला नेहमीचा भरतीचा शब्द. सरसकट काढण्याच्या यादीत तो पहिला असतो. यंत्राने घाईत उच्चारलेला ‘म्हणे’ ‘म्हणजे’ असा लिहिला आणि कुणी एका फटक्यात सगळे ‘म्हणजे’ काढून टाकले, तर ऐकीव गोष्ट साक्ष होऊन बसते. भरतीचे शब्द एकदम काढणारे बटण मराठी मुलाखतीवर न वापरलेलेच बरे. मिनिटामागे वाचतात दोन-तीन सेकंद, त्यासाठी एवढी जोखीम घेण्याचे कारण नाही.

शांतता कापणाऱ्या बटणाचेही तसेच. अमेरिकेत २०१६ मध्ये आलेल्या ‘अंडर द गन’ या माहितीपटात केटी कुरिक यांनी बंदूक बाळगणाऱ्यांच्या एका गटाला प्रश्न विचारला आणि पडद्यावर काही सेकंद सगळे निरुत्तर बसलेले दिसले. प्रत्यक्षात त्यांनी लगेच उत्तरे दिली होती, हे मूळ ध्वनिमुद्रणातून पुढे आले. संघटनेने केलेला बदनामीचा दावा न्यायालयात टिकला नाही, पण ती शांतता दिशाभूल करणारी होती, हे कुरिक यांनीच मान्य केले. तिथे शांतता जोडली गेली होती. आपल्या हातातले बटण ती काढते. ‘तुम्ही निविदा पाहिली होती का?’ या प्रश्नानंतर अधिकारी चार सेकंद थांबून ‘हो’ म्हणाला आणि ती चार सेकंदे काढली, तर बातमीतला महत्त्वाचा भाग गेला.

दोन वाक्ये जोडली, तर?

मजकूर समोर असला की आणखी एक मोह होतो. दुसऱ्या मिनिटातले एक वाक्य आणि नवव्या मिनिटातले एक वाक्य शेजारी ठेवले तर काय छान जमते! कॉपी, पेस्ट. वाचताना तो एक सलग परिच्छेद दिसतो.

‘बीबीसी’च्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच घडले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१च्या भाषणातील एकमेकांपासून ५० मिनिटांहून अधिक अंतरावर असलेले दोन भाग असे जोडले गेले, की ते समर्थकांना ‘कॅपिटॉलकडे चला आणि लढा’ असे सलग सांगत आहेत, असा भास झाला. मधल्या भागात त्यांनी शांततेने आवाज उठवण्याची भाषाही केली होती, ती गळाली. संस्थेने या संकलनाबद्दल माफी मागितली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी पद सोडण्याची घोषणा केली. तो जोड कोणत्या सॉफ्टवेअरने दिला, हा इथे मुद्दा नाही. पूर्वी असा जोड द्यायला टाइमलाइनवर ५० मिनिटे पुढे जावे लागायचे, त्या वाटेत मधले कानावर पडायचे. मजकुरात ते अंतर बोटाच्या दोन-तीन फटकाऱ्यांचे असते.

जोड दाखवायचा की झाकायचा, हाही निर्णय असतो. एकाच कॅमेऱ्याच्या मुलाखतीत मधला भाग काढला की बोलणाऱ्याचे डोके टुणकन हलते. त्यावर कालव्याचे दृश्य टाकले की उडी दिसत नाही. एकाच उत्तरातला खोकला काढला असेल, तर झाकायला हरकत नाही. पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे जोडली असतील, तर ती उडी दिसू द्यावी किंवा मध्ये क्षणभर पांढरा पडदा यावा. इथे काहीतरी काढले आहे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. व्हिडीओ थोडा ओबडधोबड दिसतो, दिसू दे.

मग तपासायचे कसे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकूर दुरुस्त करायचा, मग कापायचा. यंत्राचा चुकलेला शब्द ‘दुरुस्त’ करणे आणि ‘खोडणे’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या क्रिया असतात. सवयीने बॅकस्पेस दाबून चुकीचा शब्द काढला, तर मजकुराबरोबर व्हिडीओही कापला जातो. नवख्यांची सर्वाधिक फजिती इथे होते.

संपूर्ण मुलाखत ऐकायला वेळ नसेल, तर निदान अर्थ फिरवणारे शब्द मजकुरात शोधावेत. नाही, नको, नये, नव्हे, शिवाय, तर, असं, म्हणे, म्हणजे, बहुतेक, आणि प्रत्येक आकडा. शोध घेतला की शब्द जिथे जिथे सापडतो, तिथे क्लिक करून तेवढे वाक्य ऐकायचे. मात्र यंत्राने गाळलेला ‘नाही’ शोधात सापडणार नाही. त्यामुळे व्हिडीओत जी वाक्ये ठेवायची आहेत, ती तरी मूळ आवाजात पूर्ण ऐकण्याला पर्याय नाही. एक मिनिटाच्या व्हिडीओसाठी हे काम एका मिनिटाचेच आहे.

कापून झाल्यावर तयार फाइल बाहेर काढायची आणि ती मजकुराकडे न बघता ऐकायची. सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर नाही, बाहेर काढलेली फाइल, इअरफोन लावून. डोळ्यांसमोर ‘नाही’ लिहिलेले असेल, तर कानालाही तो ऐकू आल्यासारखा वाटतो, म्हणून मजकूर समोर नको. शक्य असेल तर ज्याने कापले त्याने नाही, दुसऱ्याने ऐकावे आणि मग त्याला विचारावे, ‘हा माणूस काय म्हणाला?’ आपल्या नमुन्यात उत्तर ‘पाणी देणार नाही म्हणाला’ असे आले, तर काप चुकला.

शेवटची तपासणी जोडांची. समजा एक मिनिटाचा व्हिडीओ मुलाखतीतल्या सात तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा मूळ फाइलमध्ये शोधून त्याच्या आधीची १५ आणि नंतरची १५ सेकंदे ऐकायची. सात गुणिले ३० म्हणजे २१० सेकंद, साडेतीन मिनिटे. त्यात ‘असं काही ठरलेलं नाही’ सापडते, कारण ते कापाच्या लगेच पलीकडे असते. पिण्याच्या पाण्याची अट आणि समितीच्या बैठकीचा उल्लेखही तिथेच सापडतो. कित्येक मिनिटे आधीचा काढलेला संदर्भ यात सापडणार नाही, हेही खरे. त्यासाठी मुलाखत घेणाऱ्यालाच अंतिम व्हिडीओ दाखवावा लागतो.

तयार व्हिडीओचा पुन्हा यंत्राकडून मजकूर काढून तो पहिल्या मजकुराशी ताडून पाहण्याची युक्तीही काही जण वापरतात. अर्धवट कापले गेलेले शब्द त्यात उघडे पडतात, तेवढा तिचा उपयोग. पण जो शब्द यंत्राने पहिल्यांदा चुकीचा ऐकला, तो ते दुसऱ्यांदाही तसाच ऐकण्याची शक्यता आहे. दोन्ही मजकूर जुळले याचा अर्थ ते बरोबर आहेत, असा होत नाही.

सबटायटल शेवटी, तपासलेल्या आवाजावरून नव्याने वाचून घ्यावेत. मूळ न कापलेली फाइल आणि कापांची यादी असलेला प्रोजेक्ट व्हिडीओ प्रसिद्ध झाल्यावरही जपून ठेवावा. फोनमधली जागा कमी पडली की सगळ्यात आधी मोठ्या फाइली उडवल्या जातात आणि ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा फोन नेमका त्यानंतर येतो.